बाहेरगावचा चेक उशिरा जमा झाला आणि वर 118 रुपये कापले गेले: नेमकं काय तपासायचं

सोयाबीन-तुरीचा हंगाम आला की लातूर, जालना, नांदेडच्या मोंढ्यात हीच तक्रार दरवर्षी ऐकू येते. इंदूरच्या किंवा पुण्याच्या पार्टीचा चेक बँकेत टाकला, चार-पाच दिवसांनी पैसे जमा झाले आणि पासबुकात खाली एक छोटी रक्कम नावे पडलेली दिसली. काउंटरवर विचारलं तर एकच उत्तर मिळतं: "बाहेरगावचा चेक आहे, वेळ लागतो आणि कलेक्शन चार्ज लागतोच."

हे उत्तर जुन्या काळाचं आहे. तेव्हा चेकचा कागद टपालाने त्या गावच्या शाखेत जायचा, तिथे वटायचा आणि मग पैसे परत यायचे. आता चेक सीटीएसमधून, म्हणजे चेक ट्रंकेशन सिस्टिममधून जातो. तुमच्या शाखेत त्याचा फोटो निघतो आणि फोटोसोबत खालच्या पांढऱ्या पट्टीवरचे आकडे पुढच्या बँकेकडे जातात. कागद तुमच्याच बँकेत राहतो. चेकच्या या देवाणघेवाणीसाठी, म्हणजे क्लिअरिंगसाठी, दिल्ली, चेन्नई आणि मुंबई अशा तीन वेगळ्या ग्रिड होत्या, त्याही आता एकत्र झाल्या आहेत. म्हणून इंदूरचा चेक असो की लातूरच्याच दुसऱ्या बँकेचा, क्लिअरिंगच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. चेकवर छापलेल्या गावामुळे आज उशीर होत नाही. उशीर झालाच असेल तर त्याचं कारण दुसरीकडे असतं आणि बहुतेक वेळा ते तुमच्याच बाजूच्या बँकेत सापडतं.

आधी तीन तारखा वेगळ्या करा

या तक्रारीत गोंधळ होतो तो तीन तारखा एकच समजल्यामुळे.

पहिली तारीख चेक दिल्याची. ती तुमच्या स्लिपच्या अर्ध्या तुकड्यावर असते. चेक काउंटरवर देऊन शिक्का घेतला असेल तर ती पक्की धरा. पेटीत टाकला असेल तर पेटीवर लिहिलेली वेळ पाहा. त्या वेळेनंतर टाकलेला चेक दुसऱ्या कामकाजाच्या दिवसाचा धरला जातो. मोठ्या रकमेचा चेक पेटीत टाकूच नका. काउंटरवर दिलेल्या चेकची पोच द्यायला कोणतीही शाखा नाही म्हणू शकत नाही, रिझर्व्ह बँकेचा तसा स्पष्ट आदेश आहे.

दुसरी तारीख प्रेझेंटेशनची, म्हणजे चेकचा फोटो क्लिअरिंगमध्ये प्रत्यक्ष गेला तो दिवस. ही पासबुकात दिसत नाही. शाखेत "आउटवर्ड क्लिअरिंगला कधी लावला" असं विचारावं लागतं. संगणकात ती दोन मिनिटांत दिसते. सगळ्या भांडणाचं उत्तर बहुधा याच तारखेत असतं आणि नेमकी हीच तारीख कोणी विचारत नाही.

तिसरी तारीख जमा होण्याची. हिच्यातही दोन प्रकार आहेत. स्टेटमेंट काढलं तर एका रकान्यात व्यवहाराची तारीख असते आणि शेजारी व्हॅल्यू डेट. व्याज मोजलं जातं ते व्हॅल्यू डेटवरून. कधी चेक दिल्याच्याच दिवशी पासबुकात रक्कम छापून येते, पण काढायला गेलं तर मिळत नाही. ती रक्कम तेव्हा न वटलेल्या शिलकेत असते. म्हणून "पैसे जमा दिसतात" आणि "पैसे वापरता येतात" हे दोन दिवस वेगळे लिहून ठेवा.

वेळ किती लागायला हवा

4 ऑक्टोबर 2025 पासून पद्धत बदलली आहे. आधी दिवसभराचे चेक एकत्र गोळा होऊन पुढे जायचे आणि निकाल दुसऱ्या दिवशी लागायचा. आता शाखेत चेक आला की स्कॅन करून लगेच पुढे पाठवायचा असतो. बदल झाला तेव्हा पाठवण्याची वेळ सकाळी 10 ते दुपारी 4 अशी ठरवली होती. ही वेळ पुढेमागे होऊ शकते, म्हणून आपल्या शाखेत चेक घेण्याची शेवटची वेळ विचारून ठेवा. ज्या बँकेवर चेक काढला आहे, तिने त्याच दिवशी संध्याकाळी 7 पर्यंत होकार किंवा नकार कळवायचा असतो. काहीच कळवलं नाही तर चेक मंजूर झाला असं धरलं जातं. दोन बँकांमधला हिशेब पूर्ण झाला की तासाभरात पैसे ग्राहकाला मोकळे करायचे असतात, बँकेच्या नेहमीच्या खातरजमेच्या अधीन राहून.

म्हणजे सकाळी काउंटरवर दिलेला, सगळं बरोबर असलेला चेक त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत वटायला हवा. दुपारनंतर दिला असेल तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी. दुसरा आणि चौथा शनिवार, रविवार आणि बँकेच्या सुट्ट्या यात मोजायच्या नाहीत.

आपल्या भागात एक दिवस जास्त लागण्याचं एक खरं कारण आहे. अनेक नागरी सहकारी आणि जिल्हा बँका क्लिअरिंगमध्ये थेट बसत नाहीत. त्या एखाद्या मोठ्या बँकेमार्फत चेक पाठवतात. मधल्या बँकेची वेळ आधी संपते आणि जमाही आधी तिच्याकडे होते, नंतर तुमच्या बँकेकडे येते. खेड्यातल्या शाखेत स्कॅनर नसेल तर चेक तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या शाखेत जातो, तिथे आणखी अर्धा दिवस मोडतो. एवढा उशीर समजून घेण्यासारखा आहे. चार दिवस मात्र नाहीत.

कापलेली रक्कमच कारण सांगते

आता त्या नावे पडलेल्या रकमेकडे या. आकडा नीट पाहा, पैशांसकट.

चेक टपालाने जायचे तेव्हा रिझर्व्ह बँकेने बाहेरगावच्या चेकच्या वसुलीसाठी दर बांधून दिले होते. 5,000 रुपयांपर्यंत 25 रुपये, 5,000 ते 10,000 पर्यंत 50 रुपये आणि 10,000 ते 1 लाखापर्यंत 100 रुपये. यावर 18 टक्के जीएसटी लावला की आकडे येतात 29.50, 59 आणि 118. पासबुकात यातला आकडा दिसला आणि तो चेकच्या रकमेच्या टप्प्याशी जुळला, तर चेक नोंदवताना संगणकात "क्लिअरिंग"ऐवजी "आउटस्टेशन कलेक्शन" हा प्रकार निवडला गेला, असा दाट संशय घ्यायला हरकत नाही. चेकवर इंदूर किंवा मुंबई छापलेलं पाहून जुन्या सवयीने तो पर्याय दाबला जातो आणि चार्ज आपोआप पडतो.

177 रुपये कापले असतील तर ते 150 अधिक जीएसटी. 1 लाखाच्या वरच्या चेकला पूर्वी स्पीड क्लिअरिंगमध्ये, म्हणजे बाहेरगावचा चेक त्या बँकेच्या स्थानिक शाखेतच वटवण्याच्या पद्धतीत, जास्तीत जास्त 150 रुपये घेता यायचे, त्याचीच ती खूण असू शकते. बचत खात्यात मात्र 1 लाखापर्यंतच्या चेकला स्पीड क्लिअरिंगमध्येही वसूल करणाऱ्या बँकेला काही घेता येत नव्हतं. ती सूट 1 एप्रिल 2011 पासूनची आहे.

नुसत्या आकड्यावर मात्र भांडू नका. 118 किंवा 59 रुपये एसएमएस, चेकबुक किंवा दुसऱ्या कशाचेही असू शकतात. ओळीतलं वर्णन वाचा, तारीख चेकच्या जमेशी जुळते का पाहा आणि शाखेत ती नोंद कोणत्या चार्ज-कोडखाली पडली हे विचारा. चालू खातं किंवा कॅश क्रेडिट असेल तर बँकेचं दरपत्रकही बघा. ते शाखेत लावलेलं असतं आणि बँकेच्या संकेतस्थळावरही असतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत

लातूरच्या एका आडत्याचं स्वतःच्या नावाचं बचत खातं नागरी सहकारी बँकेत आहे असं धरा. इंदूरच्या तेल मिलने 86,400 रुपयांचा चेक दिला. शुक्रवार, 14 नोव्हेंबर 2025 ला संध्याकाळी सव्वापाच वाजता तो पेटीत टाकला. पेटीवर "दुपारी 3 पर्यंत" असं लिहिलं होतं. पैसे बुधवारी, 19 तारखेला जमा झाले. त्याच दिवशी 118 रुपये नावे पडले.

चेक टाकायला उशीर झाला होता, म्हणून शुक्रवार सोडून द्यायचा. 15 तारखेचा शनिवार महिन्यातला तिसरा, म्हणजे बँका चालू. त्या दिवशी पेटी उघडून चेक स्कॅन व्हायला हवा होता. मधल्या बँकेसाठी एक कामकाजाचा दिवस सोडला तरी सोमवारी, 17 तारखेला पैसे यायला हवे होते.

शाखेत प्रेझेंटेशनची तारीख विचारली तर निघाली मंगळवार, 18 नोव्हेंबर. शनिवारी पेटी उघडली, पण चेक पुढच्या शाखेत सोमवारी दुपारी वेळ संपल्यावर पोचला. इथे कारण हाती लागलं. इंदूरच्या बँकेने काहीही अडवलेलं नाही, तिच्याकडे चेक मंगळवारी गेला आणि तिने त्याच दिवशी होकार दिला. दोन दिवसांची दिरंगाई लातूरमधली आहे.

आता 118 रुपयांचं बघू. हा चेक खरोखर जुन्या पद्धतीने कागद पाठवून वसूल केला असता तर इंदूरहून पैसे यायला आठवडा सहज लागला असता. प्रेझेंटेशननंतर एका दिवसात पैसे आले, हाच चेक सीटीएसमधून गेल्याचा पुरावा. फोटो पाठवून वटवलेल्या चेकवर टपालाने वसूल करण्याचा चार्ज लावता येत नाही. रक्कम 1 लाखाच्या आत आहे आणि खातं बचतीचं आहे, म्हणजे मागणी दोन्ही बाजूंनी पक्की. पूर्ण 118 रुपये परत मागायचे, जीएसटीसकट.

उशिराच्या भरपाईचा हिशेबही सोपा आहे. प्रत्येक बँकेचं चेक-कलेक्शन धोरण असतं. उशीर झाला तर ग्राहकाने मागणी न करताही व्याज द्यायचं असतं आणि थोड्या दिवसांसाठी ते बहुधा बचत खात्याच्या दराने धरतात. दर 2.5 टक्के असेल तर 86,400 रुपयांवर दोन दिवसांचे 11 रुपये 84 पैसे होतात. रक्कम किरकोळ दिसते. पण हेच पैसे कॅश क्रेडिट खात्यात यायचे असते आणि त्यावर 11 टक्के व्याज चालू असतं, तर दोन दिवसांचे 52 रुपये 8 पैसे. कर्जखात्यात यायच्या पैशाला कर्जाचाच दर लावायचा, असं बहुतेक धोरणांत लिहिलेलं असतं. त्याच्या खात्यातून सोमवारी हप्ता जायचा होता आणि शिलकीअभावी तो परत गेला असेल, तर खरं नुकसान तिथे आहे. म्हणून नुसतं व्याज मागण्यापेक्षा "व्हॅल्यू डेट 17 नोव्हेंबर करून द्या" अशी मागणी करा आणि हप्ता परत गेल्याचा दंड वेगळा लिहा.

बँकेला द्यायचा अर्ज

लांबलचक पत्र लिहू नका. एका पानात तारखा आणि मागण्या स्वच्छ दिसल्या पाहिजेत.

> मा. शाखाधिकारी,
> माझ्या बचत खात्यात दि. 14/11/2025 रोजी भरलेला चेक (रक्कम रु. 86,400, चेक क्रमांक व बँकेचे नाव) दि. 19/11/2025 रोजी जमा झाला. शाखेतील माहितीनुसार तो दि. 18/11/2025 रोजी क्लिअरिंगला लावला. दि. 15/11/2025 रोजी शाखा चालू होती. तसेच दि. 19/11/2025 रोजी रु. 118 बाहेरगाव चेक वसुली शुल्क म्हणून नावे टाकले आहेत. चेक सीटीएसमधून वटला आहे.
> विनंती: 1) रु. 118 परत जमा करावेत. 2) जमेची व्हॅल्यू डेट 17/11/2025 करावी किंवा बँकेच्या चेक-कलेक्शन धोरणाप्रमाणे व्याज द्यावे. 3) शुल्क कोणत्या नियमाने लावले ते लेखी कळवावे.
> सोबत: स्लिपची प्रत, स्टेटमेंटची प्रत.

दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. तिसरी मागणी गाळू नका. नियम लेखी द्यायचा म्हटलं की बहुतेक वेळा शुल्क मुकाट परत जमा होतं. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, तिला पैसे लागत नाहीत. माहितीसाठी 14448 हा नंबर आहे. शिक्का घेतलेली प्रत तिथे जोडावी लागते.

हे सगळं जिथे लागू होत नाही

चेक तुमच्याच बँकेच्या दुसऱ्या गावच्या शाखेचा असेल तर क्लिअरिंगचा प्रश्नच येत नाही. दोन्ही खाती एकाच संगणकावर आहेत, तो ट्रान्सफर आहे आणि त्याच दिवशी व्हायला हवा. असा चेक चार दिवस पडून राहिला तर शाखेला वेगळं कारण द्यावं लागेल.

चेक 50,000 किंवा त्याहून जास्त रकमेचा असेल तर देणाऱ्याने आपल्या बँकेला पॉझिटिव्ह पे खाली तपशील कळवला आहे का, हे आधीच विचारा: तारीख, नाव, रक्कम, चेक क्रमांक. 5 लाख आणि वरच्या चेकसाठी बँका हे सक्तीचं करू शकतात. तिथे तपशील न दिल्याने चेक परत आला तर दोष तुमच्या शाखेचा नाही.

चेक जुन्या, सीटीएस-2010 नसलेल्या नमुन्याचा असेल तर तो क्लिअरिंगमध्ये जात नाही. चेकच्या डाव्या कडेला उभ्या बारीक अक्षरांत छापखान्याच्या नावासोबत सीटीएस-2010 लिहिलेलं असतं, तेवढं पाहा. ते नसेल तर कागद प्रत्यक्ष पाठवावाच लागतो, वेळ लागतो आणि शुल्कही रास्त ठरू शकतं. असा चेक घेण्यापेक्षा पार्टीकडून आरटीजीएस किंवा एनईएफटी मागा.

पतसंस्थेचा भाग जरा सांभाळून पाहावा लागतो, कारण आपल्याकडे निम्मे छोटे व्यापारी आणि शेतकरी पतसंस्थेतच व्यवहार करतात. पतसंस्था क्लिअरिंगची सभासद नसते. तुमचा चेक ती स्वतःच्या बँक खात्यात भरते आणि पैसे आले की तुमच्या नावे जमा करते. वर सांगितलेली मुदत तिथे पतसंस्थेच्या बँकेला लागू होते, पतसंस्थेला नाही. शिवाय तुमच्या नावाचा अकाउंट पेयी चेक पतसंस्थेच्या खात्यात बँक 50,000 रुपयांपर्यंतच घेऊ शकते. वरच्या रकमेचा चेक परत आला तर ती बँकेची चूक नाही. पतसंस्थेने कापलेल्या शुल्कासाठी बँकेच्या लोकपालाकडे जाऊन उपयोग होत नाही, पतसंस्थेच्या सेवा-शुल्काचा ठराव पाहायला मागा.

आणि एक प्रकार वरकरणी उशिरासारखा दिसतो, पण असतो वेगळाच. चेक परत येतो, पुन्हा लावला जातो आणि मग वटतो. पासबुकात जमा, वजा, पुन्हा जमा आणि परतीचं शुल्क अशी रांग दिसते. अशा वेळी परतीचा मेमो मागून त्यावरचा कोड वाचा. 01 म्हणजे देणाऱ्याच्या खात्यात पैसे नव्हते. 39 म्हणजे फोटो स्पष्ट नव्हता. फोटो नीट न निघणं हा ग्राहकाचा दोष नाही. ग्राहकाची चूक नसताना परतीचं शुल्क घ्यायचं नाही, हेही रिझर्व्ह बँकेने सांगितलं आहे. तांत्रिक कारणाने परत आलेला चेक तुमची वाट न पाहता 24 तासांच्या आत पुढच्या क्लिअरिंगला लावायचा असतो आणि तसं केल्याचं तुम्हाला कळवायचं असतं. 39 कोड असूनही शुल्क कापलं असेल तर वरच्याच अर्जात ती चौथी मागणी म्हणून लिहा आणि मेमोची प्रत जोडा.